पाच माणसांच्या घरात दिवसभराची फळं कशी लावावीत: एक मे महिना, एक श्रावण

कोकणात फळांचं वर्ष दोन टोकांचं असतं. मे महिन्यात ओटीवर आंब्याची आढी, पडवीत फणस आणि पोरांच्या खिशात करवंदं. त्या वेळी घरातल्या माणसाला हात आवरायला सांगावं लागतं. श्रावण आला की झाडं मोकळी होतात आणि बाजारातली फळं घाट उतरून येतात. त्यात मासळीही बंद, त्यामुळे ताटात फळाची खरी गरज नेमकी तेव्हाच वाढते. म्हणून मी वर्षभराचा एकच तक्ता करत नाही. आधी मे नीट लावते, मग श्रावण. बाकीचे महिने या दोहोंच्या अधेमधे बसतात.

घरात आम्ही पाच जण: सासूबाई (मधुमेह आहे), आम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. मुलीचं हिमोग्लोबिन मागच्या वर्षी कमी आलं, तेव्हापासून हा हिशेब सुरू झाला.

आधी माप ठरवा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळ धरलं आहे. हे खाण्याजोग्या गराचं वजन, साल-बाठा सोडून. म्हणजे साधारण दोन वेलची केळी, एक मध्यम पेरू, पाऊण हापूस किंवा काप्या फणसाचे चार-पाच गरे. पाच जणांचा मिळून दिवसाला अर्धा किलो गर पुरतो. थोडं जास्त झालं तर बिघडत नाही, पण पिशवी भरताना हा आकडा डोक्यात असला की निम्मी फळं टोपलीत काळी पडत नाहीत.

भाव गराचा काढा, किलोचा नको

हे एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून बघाच. आमच्याकडे एक डझन वेलची केळी सोलून वजन केली तर गर अर्धा किलोच्या आसपास भरला. डझन साठ रुपयांना असेल तर शंभर ग्रॅम गर बारा रुपयांना पडला. पपईचा दोन तृतीयांश भाग खाता येतो, म्हणजे पन्नास रुपये किलोची पपई शंभर ग्रॅमला साडेसात रुपये. कलिंगड वीस रुपये किलो मिळालं आणि साल बरीच गेली, तरी तीन-साडेतीन रुपयांवर जात नाही.

आंब्याला हे जास्तच लागू. अडीचशे ग्रॅमचे बारा हापूस म्हणजे तीन किलो, त्यातला गर दोन किलोच्या थोडा आत. एप्रिलच्या सुरुवातीला डझनाला नऊशे मोजले तर शंभर ग्रॅम जवळपास सत्तेचाळीस रुपयांना जातो. तोच डझन मेच्या शेवटी, पाऊस डोक्यावर आला म्हणून तीनशेत मिळाला, तर सोळा रुपये. भाव गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, गणित तेच राहतं. म्हणून आमच्या घरी पाडव्याला देवापुढे ठेवण्यापुरते दोन, आणि पोटभर आंबा अक्षय तृतीयेनंतर. रायवळ दिसायला स्वस्त असतो, पण बाठा मोठा, निम्मंच हाती लागतं. तरी चोखून खायला त्याच्यासारखा दुसरा नाही, तिथे मी काटा बाहेर काढत नाही.

मे महिना: आंबा ताटात घ्यायचा, ताटावर नाही

मे महिन्यात चूक एकच होते. आंबा नेहमीच्या जेवणाच्या वर चढतो. भात, भाकरी, आमटी, सगळं रोजच्याइतकं आणि शेवटी वाटीभर रस. एका मध्यम हापूसच्या गरात जितकी साखर असते, तितकी कर्बोदकं साधारण एका पातळ पोळीत असतात. तांदळाची भाकरी जाड असते, तेव्हा एक हापूस बरोबर अर्धी भाकरी धरा. आंबा खायचा तर तेवढी भाकरी किंवा भाताचा एक डाव कमी करायचा.

सासूबाईंना हे पटवायला वेळ लागला. "वर्षातनं दोन महिने आंबा, त्यातही मोजमाप?" त्यांचं बरोबरच होतं, म्हणून आंबा बंद केलाच नाही. एकदा रस-पुरीनंतर दोन तासांनी त्यांची साखर २६० निघाली. रसाच्या वाटीत दोन आंबे सहज जिरतात, चावावं लागत नाही, आणि पुऱ्या वेगळ्या. पुढच्या आठवड्यात अर्धा आंबा फोडी करून, दुपारच्या जेवणातच, मासळीच्या कालवणाबरोबर आणि अर्ध्या भाकरीला कात्री लावून दिला, तेव्हा १७८. तेव्हापासून तीच रीत. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी आपल्या माणसाचं आपल्या मीटरवर दोन तासांनी बघावं, दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळं आणि शहाळ्याचं पाणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

मुलांचं वेगळं. सकाळी घावन-चटणी खाल्ली की ती बागेत पळतात आणि करवंदं, जांभळं, जाम यांवर चरून येतात. तो फुकटचा वाटा मी त्यांच्या शंभर ग्रॅममध्ये धरते. आंबा त्यांना चार वाजता, कारण नाहीतर त्याच वेळी बिस्किटाचा पुडा फुटतो.

आढीवरही बेत अवलंबून असतो. तयार काढलेले आंबे पेंढ्यात पिकायला आठ-दहा दिवस घेतात, आणि सगळे एकदम पिकले की घरातली माणसं आंबे खायला बसतात, आवडीने नव्हे, नाइलाजाने. एक दिवसाआड आढी उलटा आणि तीन गट करा: वास सुटलेले आणि देठाशी मऊ झालेले आजचे, रंग धरलेले दोन दिवसांनंतरचे, हिरवे पुढच्या आठवड्याचे. फ्रिजमध्ये फक्त पिकलेला जाईल. हिरवा आत ठेवला तर तो धड पिकत नाही आणि चवही जाते. आतून साका निघाला तर तेवढा भाग काढून टाका, बाहेरून तो ओळखता येत नाही, त्यामुळे विकणाऱ्याशी भांडूनही उपयोग नाही. केळीच्या लोंगराचंही असंच. अख्खं लोंगर टांगून ठेवलं की चार दिवसांत सगळं पिवळं. फण्या सुट्या करून एक पिकल्या केळ्यासोबत गोणपाटात आणि बाकीच्या वाऱ्यावर ठेवल्या तर आठवडाभर पुरतात. फणस मात्र एका घराचं फळ नव्हे. दहा किलोचा फोडला तर तीन किलोभर गरे निघतात, ते शेजारी वाटावेत आणि आठळ्या आपल्याकडे ठेवाव्यात.

लोहाची जोडी: एकाच जेवणात

मुलीसाठी शिकलेली गोष्ट ही. लाल माठ, टाकळा, चवळी, कुळीथ यांतलं लोह शरीर सहज शोषत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं तर शोषण वाढतं. सकाळी पेरू आणि दुपारी माठ, असं केलं तर फायदा हुकतो. पेरू माठाच्या ताटातच हवा. आणि जेवण झाल्याझाल्या चहा घेतला तर चहातलं टॅनिन उलट काम करतं, म्हणून चहा तासाभराने.

मासे असतात त्या दिवशी ही काळजी कमी, कारण मासळी स्वतःच डाळी-भाज्यांतलं लोह घ्यायला मदत करते. काळजी आहे ती बिनमासळीच्या दिवसांची.

क जीवनसत्त्वासाठी आपल्याकडे सगळ्यात स्वस्त फळ झाडाखाली पडून कुजतं: काजूचं बोंडू. त्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. घसा खवखवतो म्हणून लोक टाकतात. आडव्या चकत्या करून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी ओता, वर तिखटाची चिमूट. खवखव बरीच कमी होते. फेब्रुवारी ते मे हे फळ आमच्या ताटात असतं. पडलेलं तेवढ्याच दिवशी खावं, दुसऱ्या दिवशी आंबतं.

श्रावण: फळ कमी, गरज जास्त

आता उलटी बाजू. महिनाभर मासे नाहीत, उपासाचे वार, आणि सणांमुळे केळ्यांचा भाव चढलेला. गणपतीच्या आठवड्यात तर आणखी. लोक सफरचंदं आणतात, कारण ती दिसायला छान आणि टिकतात. पण सफरचंदात क जीवनसत्त्व नाममात्र असतं, लोहाच्या कामाला ते येत नाही. परसातली पपई आणि लिंबू येतं. परसातला पेरूही याच दिवसांत पिकतो. पावसाळी पेरूला अळी फार, म्हणून दात न लावता आधी चार फोडी करून बघा. थोडे कडक असतानाच काढले तर अळीच्या आधी आपण पोचतो.

मागच्या श्रावणातला आमचा एक बुधवार असा होता. दुपारी भात, चवळीची उसळ, टाकळ्याची भाजी, वर लिंबू. सोबत अडीचशे ग्रॅम पपईच्या फोडी, त्यातल्या मुलीला शंभर, उरलेल्या मुलाला आणि सासूबाईंना निम्म्या निम्म्या. चार वाजता पाच वेलची केळी: मुलाला आणि मुलीला एकेक, ह्यांना दोन, मला एक. केळी तीस रुपये, पपई एकोणीस, लिंबू पाच. पाच जणांचं मिळून चौपन्न रुपयांत साडेचारशे ग्रॅमवर गर पोटात गेला. तेवढाच गर दोनशे रुपये किलोच्या सफरचंदातून घेतला असता तर शंभरी गाठली असती.

सोमवारी सासूबाईंचा उपास. साबुदाण्याची खिचडी आणि वर दोन केळी असा त्यांचा जुना बेत होता, म्हणजे पिष्टावर साखर. आता खिचडी अर्धी, त्यात दाण्याचं कूट दुप्पट, केळं अर्धं आणि सोबत वाटीभर ताक. उरलेलं अर्धं केळं त्या नातवाला देतात आणि मला सांगतात की दोन्ही अर्धी त्यालाच दिली. मीटर बघून मला कळतं.

शाळेच्या डब्यात कापलेलं फळ देऊ नका, दमट हवेत दोन तासांत बुळबुळीत होतं आणि पोर ते तसंच परत आणतं. सालीचं वेलची केळं किंवा अख्खा पेरू जातो. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मात्र टोपलीकडे बोट दाखवू नये, चिरून ताटली समोर ठेवावी. टोपलीतलं फळ कुणी उचलत नाही, ताटलीतलं संपतं. रात्री फळ खाऊ नये, जेवणावर फळ खाल्लं की पोटात कुजतं, असं पुष्कळ ऐकलं. त्याला आधार मला सापडला नाही. आम्ही रात्री टाळतो ते फक्त सासूबाईंसाठी, आणि आंबटाने ज्याच्या छातीत जळजळ होते त्याने अननस झोपताना घेऊ नये, एवढंच.

आंबापोळी, फणसपोळी आणि मुरांबा मी फळांच्या अर्ध्या किलोत धरत नाही, त्यात साखर किती पडते ते पोळी वाळत घालताना माझ्याच हाताने दिसतं. त्याऐवजी मेच्या शेवटच्या स्वस्त डझनांचा गर साखर न घालता लहान डब्यांत फ्रीजरला ठेवते. एक डबा म्हणजे शंभर ग्रॅम. वीज गेली नाही तर तो राखीपौर्णिमेपर्यंत पुरतो. आमच्या गावात जुलैत ती जाते, म्हणून दहाच डबे.