कंटूर काढताना सोळा केसेसचा तक्ता कुठे अडतो

ग्रिडवरच्या आकड्यांतून कंटूर, म्हणजे एकाच पातळीच्या रेषा, काढायची मार्चिंग स्क्वेअर्स ही पद्धत नवखा माणूसही एका दुपारीत लिहून टाकतो. चित्र दिसतंही बरं. मग कुठेतरी रेषा तुटते, कुठे दोन टेकड्या उगाच जोडल्या जातात, आणि शोधाशोध सुरू होते. चूक तक्त्यातच असेल असं सगळ्यांना वाटतं, पण बहुतेक वेळा ती तक्त्याच्या आजूबाजूला असते.

आधी नेमकं काय चाललंय ते पाहू. प्रत्येक चौकोनाला चार कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक आकडा. हव्या त्या पातळीइतका किंवा तिच्याहून मोठा आकडा असेल तर तो कोपरा ‘वर’, नाहीतर ‘खाली’. वरच्या-डाव्या कोपऱ्याला 8, वरच्या-उजव्याला 4, खालच्या-उजव्याला 2 आणि खालच्या-डाव्याला 1 असे गुण द्या. ‘वर’ असलेल्या कोपऱ्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे केसचा क्रमांक, 0 ते 15. कोणत्या बाजूकडून कोणत्या बाजूकडे रेषा जाते, एवढंच तक्ता सांगतो. खाली बाजूंचे क्रमांक असे आहेत: 0 वरची, 1 उजवी, 2 खालची, 3 डावी.

```python
T = {1:(3,2), 2:(2,1), 3:(3,1), 4:(1,0), 6:(2,0),
     7:(3,0), 8:(0,3), 9:(0,2), 11:(0,1), 12:(1,3),
     13:(1,2), 14:(2,3)}
```

यातला जोड्यांचा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. ओळींचे क्रमांक वरून खाली वाढतात असं धरलं, तर प्रत्येक रेषेवरून चालताना उंच भाग उजव्या हाताला राहतो. इंटरनेटवर सापडणाऱ्या बऱ्याच तक्त्यांत हा नियम पाळलेला नसतो. नुसत्या चित्रात ते खपून जातं, पण तुकडे जोडायची वेळ आली की रडवतं.

0 आणि 15 मध्ये रेषाच नाही. राहिले 5 आणि 10, ज्यांत समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली असतात. चारही बाजू छेदल्या जातात, म्हणजे रेषा दोन. पण कोणता बिंदू कोणाला जोडायचा हे कोपऱ्यांच्या वर-खाली असण्यावरून ठरत नाही. याला सॅडल म्हणतात. इथे बहुतेक जण चार आकड्यांची सरासरी काढतात: ती पातळीच्या वर असेल तर दोन्ही उंच कोपरे जोडलेले, नाहीतर सुटे. सोपं आहे, पण नेहमी बरोबर नाही.

एक चौकोन घ्या. वरची ओळ 20, 6, खालची ओळ 4, 10, पातळी 9. केस 8 + 2 म्हणजे 10. सरासरी 40 भागिले 4, म्हणजे 10. ती 9 पेक्षा मोठी, म्हणून सरासरी म्हणते की 20 आणि 10 हे कोपरे जोडा. आता बाजूंवरचे छेद काढू, चौकोनाची बाजू 1 धरून. वरच्या बाजूवर (9−20)/(6−20), म्हणजे डावीकडून 0.786. खालच्या बाजूवर (9−4)/(10−4), म्हणजे 0.833. डाव्या बाजूवर वरून 11/16, म्हणजे 0.688, आणि उजव्या बाजूवर 3/4, म्हणजे 0.75.

चौकोनाच्या आतले आकडे बायलिनियर पद्धतीने, म्हणजे बाजूंना समांतर जाताना समान दराने, बदलतात असं मानलं, तर मधल्या सॅडल बिंदूची किंमत थेट सूत्राने मिळते. वरच्या-डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने कोपरे a, b, c, d असतील तर:

```
s = (a*c - b*d) / (a + c - b - d)
```

इथे (200 − 24) / 20, म्हणजे 8.8. ही पातळीच्या खाली आहे, म्हणून उंच कोपरे सुटे. रेषा दोन: वरची बाजू ते डावी, आणि खालची बाजू ते उजवी. सरासरीचं उत्तर उलटं निघालं. खात्री करायची असेल तर सॅडल बिंदूची जागाही काढता येते, ती आहे x = 0.8, y = 0.7. वरचा छेद 0.786 या 0.8 च्या डावीकडे आणि खालचा 0.833 उजवीकडे, म्हणजे ते दोन वेगवेगळ्या फाट्यांवरचे आहेत. यातूनच एक सोपी युक्ती निघते: चारही छेद x प्रमाणे लावा, पहिले दोन एकमेकांना जोडा आणि उरलेले दोन एकमेकांना. केस 10 सुटी असेल तर (0,3) आणि (2,1), जोडलेली असेल तर (0,1) आणि (2,3). केस 5 साठी सुटी (1,0) आणि (3,2), जोडलेली (3,0) आणि (1,2).

सरासरी वापरली म्हणून रेषा तुटत मात्र नाही. बाजूंवरचे छेद तेच राहतात, चौकोनाच्या आतली जोडणी तेवढी बदलते. त्यामुळे रेषा तुटलेली दिसली तर सॅडलला दोष देऊ नका. जोडणीचा कोड पाहा.

जोडणीत सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे बिंदूंचे दशांश आकडे ताडून तुकडे जुळवणं. शेजारचे दोन चौकोन एकच बाजू वापरतात. एकाने ती डावीकडून उजवीकडे मोजली आणि दुसऱ्याने उलटी, तर शेवटच्या अंकात फरक पडतो आणि ‘समान’ बिंदू समान राहत नाहीत. त्यावर सूट ठेवून जुळवायला गेलात तर जवळजवळच्या वेगळ्या रेषाही चिकटतात. त्यापेक्षा बाजूलाच नाव द्या. (r, c) या चौकोनाची वरची बाजू `('h', r, c)`, खालची `('h', r+1, c)`, डावी `('v', r, c)`, उजवी `('v', r, c+1)`. सगळं याच नावांनी जोडा, आणि छेदबिंदू प्रत्येक नावासाठी एकदाच काढून ठेवा.

रेषांची दिशा पाळलेली असल्यामुळे एका नावापासून जास्तीत जास्त एकच तुकडा निघतो आणि त्यावर जास्तीत जास्त एकच संपतो. म्हणून साधी डिक्शनरी पुरते: `nxt[सुरुवात] = शेवट`. आधी ज्या सुरुवातीवर कोणताच तुकडा संपत नाही तिथून चालायला लागा. त्या ग्रिडच्या कडेवर सुरू होणाऱ्या उघड्या रेषा. त्या संपल्या की जे उरतं ती बंद वर्तुळं. क्रम उलटा केला तर उघडी रेषा मधूनच धरली जाते आणि तिचे दोन तुकडे होतात.

आकडा पातळीइतकाच असेल तेव्हा काय? `>=` एकदा ठरवलं की सगळीकडे तेच वापरा. छेदलेल्या बाजूचं एक टोक मग पातळीइतकं किंवा मोठं आणि दुसरं नक्की लहान असतं, त्यामुळे भागाकारात शून्य येतच नाही. फक्त छेद थेट कोपऱ्यावर पडतात आणि शून्य लांबीचे तुकडे तयार होतात. एकच शिखर बरोबर पातळीवर असेल आणि शेजारचे सगळे खाली, तर चार बिंदूंचं वर्तुळ मिळतं आणि चारही बिंदू एकाच जागी असतात. लागोपाठचे सारखे बिंदू गाळा. एकच उरला तर ती रेषाच टाकून द्या. हे मात्र जोडणी झाल्यावर करा, आधी केलंत तर साखळी तुटते.

माहिती नसलेल्या जागी NaN असेल तर तुलना खोटी ठरते, कोपरा गुपचूप ‘खाली’ धरला जातो आणि बिंदूंत NaN येतं. तिथे -9999 असेल तर वाईट वाटावं इतकं सुबक चित्र येतं: भोकाभोवती आसपासच्या आकड्यांहून खालच्या सगळ्या पातळ्यांच्या रेषा एकमेकींना खेटून गोळा झालेल्या. दोन्हींवर उपाय एकच, तसा एकही कोपरा असेल तर तो चौकोन सोडून द्यायचा.

तपासायला खरा डेटा नको. `x + 2*y` या सपाट उताराचं 5 ओळी आणि 7 रकाने असलेलं ग्रिड घ्या. त्यात 4 × 6 म्हणजे 24 चौकोन, आणि प्रत्येक कंटूर तंतोतंत सरळ रेषा यायला हवा, सारखाच कललेला. कल उलटा आला, म्हणजे x दोन पावलं पुढे गेल्यावर y एक पाऊल बदलण्याऐवजी x एक पाऊल पुढे गेल्यावर y दोन पावलं बदलत असेल, तर ओळ आणि रकाना यांची अदलाबदल झालेली आहे. चौरस ग्रिड आणि `x + y` घेतलं असतं तर ही चूक दिसलीच नसती.