वॉशिंग मशीन वायफायला जोडताना या चुका टाळा (आणि पीसीबी बदलायची घाई करू नका)

मागच्या महिन्यात परळहून मावशीचा फोन आला, "अरे ते नवीन मशीन काही केल्या मोबाईलला लागत नाहीये, सर्व्हिसवाला येऊन गेला, तो म्हणतो पीसीबी बदलावा लागेल, पार्ट यायला दहा दिवस लागतील." मशीन नवंकोरं, फ्रंट लोड, कपडे एकदम मस्त धुतंय, फक्त ॲपमध्ये येत नाही. मी म्हटलं मावशी दहा दिवस थांब, रविवारी येतो, तोपर्यंत कोणाला हात लावू देऊ नकोस.

पीसीबी, म्हणजे मशीनच्या आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, व्यवस्थित होता हे आधीच सांगून टाकतो. पण रविवारचा अख्खा दिवस गेला, आणि मावशीकडे ज्या चुका झाल्या होत्या त्याच मी अजून तीन-चार घरी बघितल्यात, म्हणून लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी कुठे अडकतेय ते न बघता परत परत तेच करत बसणं. ॲप डिलीट केलं, परत टाकलं, मशीन बंद केलं, चालू केलं, असं मावशीच्या मुलाने वीस वेळा केलं होतं. जोडणी ही एकच गोष्ट वाटते पण आतमध्ये तीन टप्पे असतात. आधी फोन मशीनला शोधतो, म्हणजे मशीन स्वतःचं एक छोटंसं तात्पुरतं वायफाय चालू करतं आणि फोन त्याला लागतो (काही मशीनमध्ये हे काम ब्लूटूथवर होतं). मग फोन घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड मशीनला सांगतो, मशीन आपलं वायफाय बंद करून राउटरला लागायला जातं. आणि शेवटी मशीन राउटरमधून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतं, तेव्हा कुठे ते ॲपमध्ये दिसतं. ॲपवर जी टक्केवारी सरकताना दिसते ना, ती कुठे थांबते ते बघा. मशीन सापडतच नाही म्हणजे पहिला टप्पा, सापडलं पण पासवर्ड दिल्यावर फिरत राहतं म्हणजे बहुतेक दुसरा.

पहिल्या टप्प्यात अडकलं तर दोष जवळजवळ नेहमी फोनचा असतो. ॲपला लोकेशनची परवानगी द्या, कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याशिवाय ॲपला आजूबाजूचं वायफाय दिसत नाही. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपसमोरचं `Local Network` चालू आहे ना बघा, पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत नाही म्हटलेलं असतं. आणि मोबाईल डेटा बंद करा! मशीनच्या त्या तात्पुरत्या वायफायला इंटरनेट नसतं, फोनला वाटतं हे वायफाय बिघडलंय, आणि तो गपचूप डेटावर उडी मारतो. फोनने विचारलं इंटरनेट नाहीये, इथेच राहू का, तर हो म्हणा. व्हीपीएन असेल तर तोही बंद. मशीनचा जोडणी मोड काही मिनिटांतच आपोआप बंद होतो, तेव्हा पासवर्ड शोधायला हॉलमध्ये जाऊ नका, आधीच कागदावर लिहून ठेवा.

मावशीकडे हे सगळं ठीक होतं, गाडी दुसऱ्या टप्प्यात अडकत होती. इथे मी जी एक युक्ती केली ती सगळ्यांनी आधी करावी, सर्व्हिसवाल्याला फोन करायच्याही आधी. घरातल्या दुसऱ्या फोनवर हॉटस्पॉट चालू करा, तो फोन मशीनवर ठेवा, आणि मशीनला राउटरऐवजी त्या हॉटस्पॉटला जोडून बघा. फक्त हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर हवा. आयफोनमध्ये त्यासाठी `Maximize Compatibility` चालू करायचं, अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो किंवा `Extend compatibility` असं काहीतरी असतं. मावशीचं मशीन पहिल्या झटक्यात लागलं. म्हणजे मशीनचं वायफाय चालतंय, पीसीबी चालतोय, भानगड राउटरची आहे. दहा मिनिटांचं काम, आणि सर्व्हिसवाल्याने ते केलंच नव्हतं.

आता राउटरची भानगड काय. बहुतेक वॉशिंग मशीनना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं, ५ वालं दिसतच नाही. आणि इंटरनेटवाले हल्ली जो डबा लावून जातात तो दोन्ही एकाच नावाने देतो, कोणाला कुठे लावायचं ते डबा ठरवतो. टीव्हीला, फोनला त्याने काही फरक पडत नाही, पण काही मशीनचा यात गोंधळ होतो. इलाज सोपा, राउटरच्या पानावर जाऊन (बहुतेक `192.168.1.1`, डब्याखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं) दोन्ही नावं वेगळी करायची, म्हणजे `Ghar` आणि `Ghar_2G`, आणि मशीनला दुसरं द्यायचं. तिथेच सिक्युरिटी `WPA3` असेल तर `WPA2` करा, बऱ्याच मशीनला `WPA3` झेपत नाही. आणि चॅनल ऑटोवर असेल तर १, ६ किंवा ११ पैकी एक ठरवून द्या, कारण राउटर स्वतःहून कधीकधी १२-१३ वर जाऊन बसतो आणि काही उपकरणांना ते चॅनल दिसतच नाहीत. पानाचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर भांडत बसू नका, इंटरनेटवाल्याला व्हॉट्सॲप करा, "२.४ आणि ५ ची नावं वेगळी करून द्या," एवढं वाक्य त्यांना बरोबर कळतं.

मावशीने मात्र आधीच एक काम करून ठेवलं होतं. इंटरनेटवाल्याने सांगितलं स्पीड कमी पडतोय, आणि प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएसचा करून दिला. मशीन दिवसभरात जेवढा डेटा पाठवतं तेवढा तुमचा एक व्हॉट्सॲप व्हिडिओ खातो! मशीनसाठी प्लॅन वाढवणं म्हणजे बादली भरत नाही म्हणून सोसायटीची टाकी मोठी करणं.

असो. नावं वेगळी केली, मशीन लागलं, मावशी खूष, मी वरणभात खाऊन घरी. संध्याकाळी परत फोन, "ऑफलाईन दाखवतंय रे."

हे जास्त चिवट प्रकरण होतं आणि मुंबईतल्या नव्या टॉवरमध्ये हे खूप घरी आहे. मावशी आधी तिथेच चाळीत राहायची, एक खोली, मोरीत मशीन आणि दारावर राउटर असता तरी मधे दहा पावलं. आता रिडेव्हलपमेंटचा टॉवर, राउटर मुख्य दरवाजाच्या वर, मशीन दुसऱ्या टोकाला किचनमागच्या ड्राय बाल्कनीत. आणि या नव्या बिल्डिंग मायवन पद्धतीने बांधतात, म्हणजे आतल्या बऱ्याचशा भिंतीसुद्धा विटांच्या नाहीत, सळया घातलेलं काँक्रीट. वायफायला अशा दोन भिंती म्हणजे पुष्कळ झाल्या.

लोक काय करतात, ड्राय बाल्कनीत उभं राहून फोनवर वायफायच्या काड्या बघतात, दोन काड्या आहेत, चालेल. काड्यांवर जाऊ नका. सिग्नल मोजायचं कुठलंही फुकट ॲप अँड्रॉइडवर घ्या, मशीनच्या जागी फोन धरा, बाल्कनीचा दरवाजा लावा (मशीन चालू असताना दरवाजा लावलेलाच असतो ना) आणि २.४ वाल्या नावासमोरचा डीबीएमचा आकडा बघा. आकडा उणे असतो, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ च्या आसपास असेल तर बिनघोर, उणे ७५ च्या पलीकडे गेला की रडारड सुरू. मावशीकडे दरवाजा उघडा असताना उणे ७४ होता, लावल्यावर उणे ८१. दुपारी जोडताना दरवाजा उघडा होता, संध्याकाळी बाईने जाताना लावला, झालं ऑफलाईन! त्यात संध्याकाळी अख्खा टॉवर घरी येतो, प्रत्येकाचा राउटर त्याच २.४ वर ओरडत असतो.

राउटर हलवणं शक्य नव्हतं कारण फायबर दारातच येते. मग जुना राउटर माळ्यावरून काढला, स्कर्टिंगच्या कडेने बारा मीटरची लॅन केबल किचनपर्यंत नेली, जुन्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं आणि त्याचं वायफाय फक्त २.४ वर ठेवलं. (हा मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या आणि केबल लॅनच्या भोकात लावा, वॅनच्या नाही.) दरवाजा लावून उणे ५८. त्यानंतर एकदाही ऑफलाईन नाही. केबल नको असेल तर एक्स्टेंडर चालतो, पण तो मशीनजवळ लावू नका, जिथे सिग्नल अजून बरा आहे अशा मधल्या जागी लावा, बाल्कनीत लावला तर तो पण तुमच्यासारखाच दोन काड्या घेऊन बसेल.

पुढे कधी राउटर बदललात तर नव्या राउटरला जुनंच वायफाय नाव, जुनाच पासवर्ड आणि तीच सिक्युरिटी द्या. मशीनला बहुतेक वेळा कळतही नाही की डबा बदलला, ही सगळी उस्तवार परत करायला नको. आणि मशीन घरातल्या माणसाच्या खात्यावर जोडा, इन्स्टॉल करायला आलेल्या माणसाच्या किंवा परदेशी असलेल्या मुलाच्या नाही, नाहीतर नंतर "आधीच नोंदलेलं आहे" असा मेसेज येतो आणि त्याला रात्री उठवून डिलीट करायला लावावं लागतं.

आता एवढं करून मिळालं काय? मावशीला सगळ्यात जास्त हवं होतं ते ऑफिसमधून मशीन चालू करणं. ते होतं, पण सकाळी कपडे भरून, पावडर टाकून, नळ उघडा ठेवून, दार लावून, मशीनवरचं रिमोट स्टार्टचं बटण दाबून जावं लागतं, आणि मधे कोणी दार उघडलं की बहुतेक मशीनमध्ये ते रद्द. म्हणजे कपडे भरायला माणूस लागतोच. मावशीची खरी गरज अशी की बाई अकराला येते, तेव्हा कपडे धुऊन तयार हवेत, आधी झाले तर जुलैच्या दमटात ड्रममध्येच कुबट वास धरतात. हे काम मशीनवरचं डिले बटण करतं, त्याला वायफाय लागत नाही. मी तिला तेच शिकवलं, रोज तेच वापरते. फक्त डिलेमध्ये तुम्ही दिलेले तास सुरू व्हायचे आहेत की संपायचे ते एकदा बघून घ्या, कंपनीगणिक वेगळं असतं. आणि सोसायटीचं पाणी ठरावीक वेळ असेल तर त्या वेळेतच बसवा, नाहीतर ॲप असो वा बटण, मशीन पाणी नाही म्हणून एरर दाखवून थांबणार.

कामाच्या दोनच गोष्टी मला सापडल्या. कपडे झाल्याचा मेसेज, कारण बाल्कनीचं दार लावून एसीत बसलं की बीप ऐकू येत नाही. आणि एरर आली तर कोडचा अर्थ मराठीत नसला तरी साध्या शब्दांत फोनवर दिसतो, नळ बंद आहे का फिल्टर तुंबलाय ते कळतं, सर्व्हिसवाल्याची एक फेरी वाचते. बाकी ॲपमधले जास्तीचे प्रोग्राम मावशीने पहिल्या आठवड्यात बघितले, परत नाही, रोजचे कपडे कॉटनवरच जातात.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो, तेवढ्याच किलोचं, तीच मोटर असलेलं बिनवायफायचं मॉडेल दीड-दोन हजारांनी स्वस्त मिळत असेल तर ते घ्या. सारख्याच भावात वायफाय येत असेल तर येऊ दे, पण घ्यायच्या आधी मशीनच्या जागी उभं राहून दार लावून तो डीबीएमचा आकडा बघून या.