ऑपरेशननंतरचा पहिला बूट: दुकानात पुठ्ठा पाठवा

बनियनचं, म्हणजे अंगठ्याच्या बुडाशी वाढलेल्या हाडाचं ऑपरेशन झालं की साधारण सहा आठवडे सर्जिकल बूट असतो. तो सुटला तरी सूज काही महिने राहते, जुनं पादत्राण पायात जात नाही. नवं घ्यायला पेशंटला एसटीनं तालुक्याला नेऊ नका.

१. सूज संध्याकाळी जास्त असते. तेव्हा मोजे घालून पातळ पुठ्ठ्यावर उभं करा, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय आखा आणि कापा.

२. दुकानात पुठ्ठा बुटात सरकवा. कडा वर वळली तर बूट अरुंद. पुढे बोटाच्या रुंदीइतकी जागा हवी.

३. लेस किंवा वेलक्रोचाच बूट घ्या, सुजेप्रमाणे सैल करता येतो. अंगठ्याची चप्पल सोयीची वाटते, पण ती सुटू नये म्हणून बोटं आवळावी लागतात. ती नकोच.

४. सुरुवातीला घरातच तासभर घाला. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर वेळ वाढवू नका.

एक्स-रे पाहून डॉक्टर हो म्हणेपर्यंत मात्र सर्जिकल बूटच, वावरात जायची कितीही घाई असली तरी.