आकड्यांच्या बडबडगीताचा व्हिडिओ करताय? या चुका टाळा

अडीच वर्षांचं मूल ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ घडाघडा म्हणतं. मग त्याच्यापुढे चमचे ठेवून ‘मला तीन दे’ म्हटलं की हाताला लागतील तेवढे उचलून देतं. या वयात यात काहीच वावगं नाही. आकड्यांची ओळ आधी पाठ होते, ‘तीन म्हणजे किती’ हे बऱ्याच महिन्यांनी उमगतं. बडबडगीताच्या व्हिडिओने मदत करायची ती या दुसऱ्या पायरीला. बरेचसे व्हिडिओ मात्र पहिलीच पायरी पुन्हा पुन्हा घोटून घेतात, कारण गाण्यात आकडे असतात पण चित्रात मोजणी नसते.

उदाहरणासाठी विजेच्या तारेवर एकेक करून येणाऱ्या पाच चिमण्या घेऊ. कडवं असं:

आणखी एक चिमणी आली,
तारेवर येऊन बसली,
मोजू या का, झाल्या किती?
एक, दोन, तीन!
तीन चिमण्या!

आकडा म्हणजे चिमणीचं नाव नव्हे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. ‘तीन’ म्हणताना तिसरी चिमणी मोठी होते, चमकते, बाकीच्या दोघी अंधुक होतात किंवा पडद्याबाहेर जातात. वर तिच्या पोटावर ‘३’ लिहिलेला असतो. क्रिकेटपटूच्या पाठीवरचा नंबर जसा त्याची ओळख असतो, तसा तो ‘३’ मुलाला त्या एका चिमणीची ओळख वाटतो. प्रत्येक चिमणी वेगळ्या रंगाची केली की घोळ आणखी वाढतो. ‘तीन’ म्हणजे हिरवीचं नाव, असा समज व्हायला कितीसा वेळ लागणार?

यावर उपाय म्हणजे सगळ्या चिमण्या एकाच रंगाच्या ठेवा आणि आलेली चिमणी कडवं संपेपर्यंत तारेवरून हलवू नका. मोजताना ज्या चिमणीचा आकडा उच्चारला जाईल तिने फक्त मान डोलवायची. शेवटच्या ‘तीन चिमण्या!’ला तिघींनी एकदम पंख फडफडवायचे, आणि ‘३’ हा आकडा तेव्हाच, तिघींच्या वर मधोमध दाखवायचा. दोन चिमण्यांमध्ये निदान अर्ध्या चिमणीएवढी जागा सोडा. तीनपर्यंतचा घोळका नजरेत पटकन भरतो. चार-पाच झाल्या आणि पंख एकमेकांवर आले, की मोठ्यांनाही थांबून मोजावं लागतं.

सुरुवातीला जुळतं, शेवटी चुकतं

पहिल्या कडव्यात आवाज आणि मान डोलावणं अगदी बरोबर जुळलेलं असतं, पण पाचव्या कडव्यात चित्र मागे पडतं. एडिटिंगमध्ये कुठे चुकलं ते सापडत नाही, आणि मग एकेक क्लिप हाताने पुढे-मागे सरकवण्यात रात्र जाते. दोष बहुतेक वेळा गाण्याच्या वेगात असतो.

समजा गाणं मिनिटाला ८० ठोक्यांचं आहे आणि व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा. म्हणजे एक ठोका ०.७५ सेकंदाचा, अर्थात १८.७५ फ्रेमचा. पाऊण फ्रेम टाइमलाइनवर ठेवता येत नाही, म्हणून आपण १९ धरतो आणि तेवढंच अॅनिमेशन कॉपी करत जातो. दर ठोक्याला पाव फ्रेम उशीर. वरचं कडवं, पुढे सांगितलेल्या मोजणीच्या दोन फेऱ्या धरून, ३२ ठोक्यांचं होतं, पाच कडवी १६० ठोक्यांची. शेवटी चित्र ४० फ्रेम, म्हणजे तब्बल १.६ सेकंद मागे. पाचव्या कडव्यात आवाज ‘तीन’ म्हणतो तेव्हा पहिल्याच चिमणीची मान डोलत असते. आकडा आणि वस्तू यांची जोडी शिकवायला निघालो आणि नेमकी तीच मोडली.

गाणं ७५ ठोक्यांवर बांधा. मग एक ठोका ०.८ सेकंदाचा, बरोबर २० फ्रेमचा होतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओतही २४ असा पूर्ण आकडा येतो. पूर्ण गाणं १२८ सेकंदांचं, लहानांसाठी एवढं पुरे. जुळणी तपासताना ब्लूटूथ स्पीकर वापरू नका. त्यात आवाज मुळातच उशिरा पोचतो, आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करत बसतो.

संथ म्हणजे ताणलेलं नव्हे

गाणं नेहमीच्या वेगात म्हणून नंतर सॉफ्टवेअरमध्ये हळू केलं की ‘पाऽऽच’मधला ‘च’ विरघळतो आणि गाणारी ताई झोपेत असल्यासारखी वाटते. कानात मेट्रोनोम लावून पुन्हा रेकॉर्ड करा. शब्द रोजच्या बोलण्यासारखा स्वच्छ उच्चारायचा आणि संथपणा दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत आणायचा.

पुनरावृत्तीचंही तसंच. पूर्ण गाणं तीनदा चिकटवण्यापेक्षा प्रत्येक कडव्यात मोजणीच्या दोन फेऱ्या ठेवा, आठ-आठ ठोक्यांच्या. पहिल्या फेरीत सगळे आकडे गायचे. दुसऱ्या फेरीत शेवटचा आकडा गाळायचा: ‘एक, दोन…’ आणि तिसरी चिमणी मान डोलवते, पण आवाज गप्प. तो आकडा मुलाने म्हणायचा आहे. पाचव्या कडव्यातही चार ठोके, म्हणजे ३.२ सेकंद मोकळे राहतात. मोठ्यांना ही शांतता अवघड वाटते आणि हमखास कोणीतरी ‘इथे काहीतरी टाका’ म्हणतं. टाकू नका.

दहापर्यंत न्यायचं असेल तर एक अडचण ध्यानात ठेवा. एक ते पाच हे सगळे एका झटक्यात उच्चारले जातात. सहा, नऊ आणि दहा यांत दोन-दोन अक्षरं सुटी ऐकू येतात, आणि बोट ठेवून मोजणारं मूल ‘स’ला एक चिमणी, ‘हा’ला पुढची असं करून मोकळं होतं. म्हणून ‘स’ ठोक्याच्या किंचित आधी घ्या आणि ‘हा’ नेमका ठोक्यावर. मान फक्त ठोक्यालाच डोलेल. तीस महिन्यांच्या आतल्या मुलांसाठी मी तरी तीनच्या पुढे जाणार नाही.

भडक रंग, डोलणारा सूर्य

आकर्षक व्हावं म्हणून ढग पळतात, गवत डुलतं, सूर्य डोळे मिचकावतो. मूल सूर्यालाच टाटा करत बसतं. मोजणी सुरू झाली की चिमण्यांखेरीज सगळं स्थिर ठेवा. आकाश फिकट आणि चिमण्या गडद, एवढा फरक पुरतो. व्हिडिओ कृष्णधवल करून बघा: चिमण्या लगेच मोजता आल्या नाहीत तर रंग बदला. पडदा लखलखवण्याचा मोह टाळाच. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट काहींना अपस्माराचा झटका आणू शकतात, त्यातही गडद लाल रंग जास्त धोक्याचा.

शेवटची तपासणी आवाज बंद करून करा. चित्र पाहून किती झाल्या ते कळतं का? मग डोळे मिटून फक्त ऐका. नंतर एखाद्या तीन वर्षांच्या मुलाला दाखवा, दोन वर्षांच्या आतलं नको. त्या वयात पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मूल काय गुणगुणतं याकडे फार लक्ष देऊ नका. बोट कुठल्या चिमणीवर आहे आणि तोंडात कुठला आकडा आहे ते बघा. जिथे जोडी सुटते, त्या फ्रेमपाशी परत जा.