स्टार्क इफेक्ट: n=2 लगेच फुटते आणि n=1 का नाही, ज्युनिअरांसाठी

सांगलीत एमएस्सी फिजिक्सला आलेले ज्युनिअर दरवर्षी विश्रामबागच्या रूमवर येऊन तोच प्रश्न टाकतात, की दादा <ψ|z|ψ> तर 1s ला पण झिरो आणि 2s ला पण झिरो, मग 2s-2p फुटतं कसं? प्रश्न बरोबर आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवतो, नेट सेट गेट सगळीकडे हे येतंच.

पर्टर्बेशन आहे H' = eFz, F म्हणजे बाहेरून लावलेलं इलेक्ट्रिक फील्ड. z हे ऑड आणि हायड्रोजनच्या प्रत्येक ऑर्बिटलला पक्की पॅरिटी, |ψ|² कायम इव्हन, त्यामुळे कुठल्याही ऑर्बिटलचं एक्सपेक्टेशन झिरोच येणार. इथंच मुलं थांबतात आणि लिहितात "फर्स्ट ऑर्डर शिफ्ट नाही". n=1 ला ते खरं आहे. n=2 ला तेच वापरून सेकंड ऑर्डरला गेलात तर खाली E(2s) − E(2p) येतो आणि तो झिरो आहे, वर मात्र मॅट्रिक्स एलिमेंट झिरो नाही. भागाकार फुटला की समजायचं, चुकीची रीत घेतली, डिजनरेट पर्टर्बेशन लावायचंय.

मग बेसिस घ्या 2s, 2p0, 2p+1, 2p−1. 4×4 मॅट्रिक्स बघून घाबरू नका, 16 खान्यांतले 14 झिरो आहेत. z मुळे m बदलत नाही आणि पॅरिटी उलटी लागते, त्यामुळे फक्त 2s आणि 2p0 एकमेकांना भेटतात. तो एक इंटिग्रल मात्र हातानं करा:

```
x = r/a
रेडियल : (a/√48) ∫ (1 − x/2) x⁴ e^(−x) dx
        = (a/√48)(24 − 60) = −3√3 a
अँग्युलर: 1/√3
<2s|z|2p0> = −3a
```

इथं 24 − 60 ला बघा. 2s चा नोड म्हणजे तो −x/2 विसरला तर फक्त 24 उरतो, उत्तर चिन्हासकट बदलतं आणि 3 येतच नाही. उत्तरात 3 दिसला नाही तर आधी नोड तपासायचा. चिन्ह तसं फेज कन्व्हेन्शनवर आहे, एनर्जीला फरक पडत नाही.

2×2 चे आयगेनव्हॅल्यू ±3eaF, म्हणजे एक लेव्हल वर, एक खाली, आणि m=±1 वाले दोघं जागच्या जागी, चार स्टेटच्या तीन लेव्हल. स्टेट होतात (2s ± 2p0)/√2. आता हे मिक्स स्टेट ना इव्हन ना ऑड, इलेक्ट्रॉनचा ढग एका बाजूला झुकलेला, म्हणजे डायपोल आधीच तयार आहे, साईज 3ea. फील्डला तो बनवायला काही खर्च नाही कारण 2s आणि 2p ची एनर्जी सारखीच. म्हणून शिफ्ट लिनियर.

1s चं दुखणं उलट आहे, शेजारी सारख्या एनर्जीचा कोणी जोडीदारच नाही. फील्डला आधी डायपोल बनवावा लागतो, तो F च्या प्रमाणात बनतो, मग त्याच F मध्ये त्याची एनर्जी, म्हणून F². नेमकी किंमत अ‍ॅटॉमिक युनिटमध्ये −(9/4)F². सेकंड ऑर्डरच्या बेरजेत फक्त 2p घेतला तर <1s|z|2p0> = 0.745, त्याचा वर्ग 0.555, खाली 3/8, म्हणजे साधारण 1.48, 2.25 च्या दोन तृतीयांश. बाकी वरच्या p लेव्हल आणि कंटिन्यूअम. घाईत असाल तर सगळ्या डिनॉमिनेटरला 3/8 धरा, <z²>=1, तर जास्तीत जास्त 8/3 म्हणजे 2.67. याच्या वर आकडा आला तर कुठंतरी घोळ आहे. हा चेक मला फार आवडतो.

आकड्यात बघू. F = 10⁷ V/m घेतलं तर n=2 ची शिफ्ट 3eaF म्हणजे 1.6 meV, आणि 1s ची फक्त 2.3×10⁻⁸ eV, साधारण 70 हजार पट कमी. 1913 मध्ये योहानेस स्टार्कनं फील्डमध्ये हायड्रोजनच्या बामर रेषा फुटलेल्या बघितल्या. तिथं दोन्ही लेव्हल एक्सायटेड, म्हणून फुटणं ठळक दिसलं.

एक अट मात्र लक्षात असू द्या, बऱ्याच नोट्समध्ये ती नसतेच. 2s-2p खरोखर एकाच एनर्जीला नाहीत, फाइन स्ट्रक्चरमुळे n=2 मध्येच 4.5×10⁻⁵ eV चा फरक आहे. 3eaF त्याच्याइतका होतो साधारण 3×10⁵ V/m ला. त्याच्या बऱ्याच वर हा साधा ±3eaF चालतो. खाली आलात तर फाइन स्ट्रक्चर धरून मॅट्रिक्स मांडावं लागतं, आणि अगदी कमी फील्डला, जिथं 2s½ आणि 2p½ मधली लॅम्ब शिफ्टसुद्धा मोठी वाटायला लागते, तिथं 2s ची शिफ्ट पण परत F² वरच जाते.