डोक्यातला आणि नखातला नायटा: मलमावर वेळ घालवू नका, आणि बाकीच्या काही चुका

सहा वर्षांची मुलगी, वजन 18 किलो. आईने तिला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं आणि डोक्यावरचा रुमाल सोडला. मागच्या बाजूला लिंबाएवढी मऊ, बोटाखाली दबणारी सूज होती. वर पिवळ्या खपल्या, केसांच्या मुळांशी ठिकठिकाणी पू, आणि मानेमागे दोन अवधाणं. सगळं सुरू झालं होतं दोन महिन्यांपूर्वी, रुपयाएवढ्या एका खरखरीत चट्ट्याने. आधी कोंडा म्हणून शाम्पू बदलला. मग केस जायला लागले तेव्हा शेजारीण म्हणाली चाई आहे, कांद्याचा रस चोळा. तो चोळला. मग औषधाच्या दुकानातून मलम आणलं. सूज आली तेव्हा एका ठिकाणी केसतोड समजून चीर दिली गेली आणि अँटिबायोटिक सुरू झालं. पू थांबला नाही.

या दोन महिन्यांत घरच्यांनी हयगय कुठेच केली नव्हती. प्रत्येक उपाय चुकीच्या जागी पडत होता, एवढंच. म्हणून आधी बुरशी बसते कुठे ते समजून घ्यावं लागतं.

अंगावरचा नायटा कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात असतो. मलम तिथे पोचतं आणि कामही करतं. डोक्यातली बुरशी मात्र केसाच्या नळीतून आत उतरते आणि केसातच शिरते. केस मुळाशी जिथे नुकताच घट्ट होत असतो, तिथपर्यंत ती जाते. केस वर वाढतो आणि बुरशी तेवढ्याच वेगाने खाली सरकत राहते, म्हणून तिची जागा सुटत नाही. वरून चोळलेलं मलम केसाच्या तोंडाशीच राहतं. पोटातून घेतलेलं औषध रक्तातून केसाच्या मुळाशी येतं आणि नव्याने तयार होणाऱ्या केसातच मुरतं. त्या केसात बुरशीला वाढता येत नाही. खालून स्वच्छ केस येतो आणि वरचा रोगट केस तुटून किंवा कापून जातो. नखाचंही असंच आहे, कारण तिथे बुरशी नखाच्या खाली, नख आणि मांस यांच्यामध्ये असते आणि वर नखाचं छप्पर असतं.

चाई, कोंडा की नायटा, हे न बघता उपाय करणं

चाईची जागा गुळगुळीत आणि चकचकीत असते, तिथे खपली नसते. डोक्यातल्या नायट्यात चट्टा खरखरीत असतो, त्यावर राखेसारखी भुकटी दिसते आणि केस मुळाशी किंवा थोडं वर तुटलेले असतात. काही मुलांत केस अगदी कातडीच्या पातळीवर तुटतात, तेव्हा नुसते काळे ठिपके दिसतात. चिमट्याने असा केस ओढला तर तो न दुखता हातात येतो. त्यात मानेमागे किंवा कानामागे अवधाण असेल तर माझा संशय जवळजवळ पक्का होतो. लहान मुलाच्या डोक्यात एकाच जागी कोंडा आणि तिथलेच केस कमी, असं दिसलं तर त्याला कोंडा म्हणू नका.

खात्री करायला सोपी तपासणी आहे. चट्ट्यावरची खपली आणि तुटके केस खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. उत्तर त्याच दिवशी मिळतं. नेमकी कोणती बुरशी ते कळायला कल्चर लागतं आणि त्याला तीन-चार आठवडे जातात. तेवढे दिवस औषध थांबवायचं नसतं.

पू दिसला म्हणून चीर देणं

या मुलीची सूज म्हणजे गळू नव्हतं. बुरशीविरुद्ध शरीराने फार जोरात लढा दिला की अशी दलदलीसारखी सूज येते. वैद्यकात तिला केरिऑन म्हणतात. गळवात पू एका पोकळीत साठलेला असतो. इथे तो चाळणीतून यावा तसा अनेक छिद्रांतून येतो. चीर देऊन हाती काही लागत नाही, उलट व्रण वाढतो. वरून जंतुसंसर्ग झाला असेल तर अँटिबायोटिक जोडीला देतात, पण बुरशीवर त्याचा काही परिणाम नाही. उशीर झाला तर केसांची मुळंच जळतात आणि त्या जागी कायमचं टक्कल राहतं. म्हणून अशी सूज दिसली की कल्चरची वाट न बघता पोटातलं औषध त्याच दिवशी सुरू करायचं असतं.

तिसरी चूक मलमाची. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि खाज दोन दिवसांत कमी होते, आई म्हणते गुण आला, आणि खाली बुरशी मोकळी पसरत राहते. चट्ट्याचं रूपही असं बदलतं की नंतर बघणाऱ्या डॉक्टरलाही ओळखता येत नाही.

औषध कमी देणं, उपाशीपोटी देणं, मध्येच सोडणं

मुलीच्या घरी मांजराचं पिल्लू होतं. मांजराकडून येणारी बुरशी मायक्रोस्पोरम जातीची असते आणि तिच्यावर ग्रिसिओफल्विन जास्त चांगलं चालतं. माणसाकडून माणसाला लागणाऱ्या ट्रायकोफायटॉनवर टर्बिनाफिन सरस, आणि त्याचा काळही कमी, साधारण 4 ते 6 आठवडे. मी ग्रिसिओफल्विन निवडलं. हिशोब असा: दिवसाला किलोमागे 20 मिलिग्रॅम धरले तर 18 किलोला 360 होतात. गोळी 250 ची, म्हणून दीड गोळी, म्हणजे 375. हाच हिशोब घरी स्वतः करून गोळी आणू नका. मी तो मांडला, कारण तिच्या जुन्या चिठ्ठ्यांमध्ये याच औषधाची अर्धी गोळी, दहा दिवस, असं लिहिलेलं होतं. म्हणजे किलोमागे सातसुद्धा नाही. दहा दिवसांनी गुण नाही म्हणून ते बंदही केलं होतं.

हे औषध स्निग्ध पदार्थाबरोबर नीट शोषलं जातं. उपाशीपोटी पाण्याबरोबर दिलं तर बरंचसं वाया जातं. तूप घातलेल्या वरणभातानंतर किंवा सायीच्या दुधाबरोबर द्या, असं मी आईला सांगितलं. तेवढी एक गोष्ट तिने काटेकोर पाळली.

नवव्या दिवशी फोन आला, की कानामागे आणि पाठीवर बारीक खाजणारे फोड आलेत, औषधाची ॲलर्जी दिसते, बंद करू का? हा प्रश्न मला वारंवार येतो आणि बरेच जण न विचारताच बंद करतात. बुरशी मरायला लागली की शरीर तिच्याविरुद्ध अशी पुळी काढू शकतं. त्यासाठी औषध थांबवायचं नसतं, खाजेवर वेगळं औषध देतात. मात्र अंगभर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, ताप किंवा तोंडात फोड असतील तर ती गोष्ट वेगळी आहे, ताबडतोब दाखवा. तिची मी तपासणी केली, पुळीच होती, औषध चालू ठेवलं.

चौथ्या आठवड्यात सूज बसली. कल्चरमध्ये मायक्रोस्पोरम कॅनिस आलं. आईला वाटलं झालं. मी खरवडून पुन्हा तपासणी केली तेव्हा बुरशीचे धागे अजून दिसत होते. डोळ्यांना बरं दिसणं आणि बुरशी संपणं यांत काही आठवडे जातात, म्हणून औषध तपासणी स्वच्छ येईपर्यंत द्यायचं. तिला एकूण दहा आठवडे लागले.

डोक्याचा तुळतुळीत गोटा करायची गरज नाही, त्याने बुरशी जात नाही आणि मूल शाळेत लाजतं. शाम्पूला मात्र जागा आहे. केटोकोनॅझोल 2 टक्के, आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून. त्याने केसांवरचे बीजाणू कमी होतात आणि दुसऱ्याला लागण टळते, पण रोग त्याने बरा होत नाही. घरातल्या सगळ्यांची डोकी बघून घ्यावी, आजीचंसुद्धा, कारण मोठ्यांच्या डोक्यात बुरशी काही त्रास न देता राहू शकते. कंगवा, टोपी, रिबिनी वेगळ्या ठेवा. मांजराला पशुवैद्याकडे न्या. ते वरून ठणठणीत दिसलं तरी न्या.

नखाला घाई लावणं

दुसऱ्या भेटीत मुलीच्या वडिलांनी बूट काढून अंगठा दाखवला. नख निम्म्यापर्यंत पिवळं, जाड, खाली भुसा. पाच महिने रंगासारखं औषध लावत होते. ते लॅकर फक्त टोकाच्या थोड्या भागावर, वरवरच्या बुरशीत चालतं. निम्मं नख गेल्यावर त्याच्यावर विसंबून चालत नाही.

पण पिवळं जाड नख म्हणजे बुरशीच, असंही नाही. सोरायसिस, घट्ट बुटाचा मार किंवा वय यांनीही नख असंच दिसतं, आणि त्यात बुरशीची गोळी घेणं म्हणजे यकृतावर विनाकारण भार. म्हणून आधी नखाखालचा भुसा तपासायचा. तो टोकावरचा सुटा भाग नको, निरोगी नखाला जिथे रोग टेकतो तिथला हवा. यकृताची रक्ततपासणी आणि चालू औषधांची यादीही आधी बघतात. इट्राकोनॅझोल हृदय कमजोर असलेल्याला देत नाहीत, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. गर्भवतींना ग्रिसिओफल्विन अजिबात नाही. लहान मुलांच्या नखांत बुरशी कमी दिसते. दिसली तर आधी आई-वडिलांच्या पायांकडे बघा.

वडिलांच्या तपासणीत बुरशी निघाली. टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम, रोज एक, 12 आठवडे. हाताच्या नखांना 6 आठवडे पुरतात. पहिल्या दिवशी मी रोग जिथे संपत होता तिथे निरोगी नखावर ब्लेडने एक बारीक आडवी खूण केली.

बारा आठवड्यांनी ते नाराज होऊन आले, कारण नख अजून बरंचसं पिवळंच होतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला दीड मिलिमीटरही धड वाढत नाही, म्हणजे तीन महिन्यांत चारेक मिलिमीटर. पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पण गोळी थांबल्यावरही औषध नखात काही महिने राहतं. आम्ही खूण बघितली. ती मुळापासून पुढे सरकली होती आणि तिच्या मागचं सगळं नख गुलाबी, पातळ, नितळ होतं. खुणेच्या मागे पिवळेपणा आला असता तर औषध हरलं असं मी म्हटलं असतं आणि पुन्हा तपासणी केली असती.

बोटांमध्ये चिखल्या होत्या, त्यांना मलम दिलं. त्या कातडीवर मलम चालतं, आणि त्या तशाच राहिल्या असत्या तर बुरशी पुन्हा नखात गेली असती. जुने ओलसर बूट एक दिवसाआड वाळवायला सांगितले. अकराव्या महिन्यात ती खूण नखाच्या टोकाला आली, आणि त्यांनी ती नेलकटरने कापून टाकली.