शेव्हिंगनंतर जांघेत आणि पायांवर पुटकुळ्या: या चुका टाळा

शेव्हिंगनंतर दोन-तीन दिवसांनी जांघेच्या कडेला आणि मांडीच्या आतल्या बाजूला लालसर पुटकुळ्या उठतात. खाज सुटते, चालताना घासतं, एखाद-दुसऱ्या पुटकुळीच्या टोकाला पू दिसतो. बऱ्याच जणींना वाटतं की केस नीट निघाले नाहीत, म्हणून असं झालं. मग पुढच्या वेळी रेझर आणखी दाबून आणि उलटा फिरवला जातो. खरं कारण बरोबर उलट आहे. केस गरजेपेक्षा जास्त खोलवर कापला गेला, म्हणून हा त्रास झालेला असतो.

जांघेतला केस जाड आणि वळलेला असतो, आणि तो त्वचेतून सरळ वर न येता तिरका येतो. ब्लेडने तिरका कापल्यावर त्याचं टोक अणकुचीदार होतं. असा केस थोडा वाढला की वळून शेजारच्या त्वचेत शिरू शकतो. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा. त्वचा ताणून धरून शेव्ह केली की केस पृष्ठभागाच्या खाली कापला जातो. हात सोडल्यावर त्वचा पूर्ववत होते, कापलेलं टोक आत राहतं आणि वाढताना केसाच्या नळीची भिंत आतूनच भेदतं. तीन किंवा पाच ब्लेडचे रेझर हेच काम जास्त चोख करतात, कारण पहिलं ब्लेड केस किंचित ओढून वर आणतं आणि मागचं ब्लेड तो त्वचेखाली कापतं. शेव्हिंगच्या दिवशी पाय अगदी गुळगुळीत लागतात, पण त्याची किंमत आठवडाभराने जांघ मोजते.

आधी नेमकं काय झालंय ते ओळखा

सगळ्या पुटकुळ्यांना एकच उपाय करणं ही फार नेहमीची चूक आहे. शेव्हिंगनंतर काही मिनिटांत किंवा तासांत सगळीकडे लाली आणि आग झाली, तर ती घासल्यामुळे झालेली जळजळ आहे. ती एक-दोन दिवसांत आपोआप शमते. काही दिवसांनी कडक गाठीसारखी पुटकुळी आली आणि चांगल्या उजेडात तिच्यात काळा ठिपका किंवा केसाचं छोटं वेटोळं दिसलं, तर तो आत वळलेला केस आहे. तिथे सुरुवातीला जंतू नसतात, शरीर आपल्याच केसाला परकं समजून सुजत असतं.

पिवळसर-पांढऱ्या टोकाची पुळी, तिच्या बरोबर मधून बाहेर आलेला केस आणि भोवती लाल कडं असेल, तर तो केशमुळाचा संसर्ग, म्हणजे फॉलिक्युलायटिस. तो बहुतेकदा त्वचेवरच राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंमुळे होतो. तोच खोलवर गेला आणि दुखरी गाठ झाली, की आपण तिला केसतोड म्हणतो. कडेला खवले असलेला आणि बाहेर पसरत जाणारा गोल चट्टा मात्र यातलं काहीच नसतो, तो गजकर्ण असण्याची शक्यता जास्त. त्यावर रेझर फिरवला तर तो आणखी पसरतो.

रेझर धरण्याआधीच्या आणि धरतानाच्या चुका

कोरड्या त्वचेवर किंवा नुसत्या अंगाच्या साबणावर रेझर फिरवू नका. आंघोळीच्या शेवटी शेव्ह करा, म्हणजे कोमट पाण्यात पाचेक मिनिटं भिजून केस मऊ झालेले असतात. जांघेतले केस लांब असतील तर आधी ट्रिमरने किंवा छोट्या कात्रीने बारीक करून घ्या. मग बिनवासाची शेव्हिंग जेल किंवा क्रीम लावून दोन-तीन मिनिटं थांबा. या थांबण्याने केस फुगतो आणि कमी जोरात कापला जातो. घाईत नेमकं हेच राहून जातं.

त्यानंतर दिशा. हाताने चाचपून पाहा, ज्या बाजूला हात सहज सरकतो ती केसाची दिशा. पायावर ती बहुतेक वरून खाली असते, पण आपण सवयीने घोट्याकडून गुडघ्याकडे, म्हणजे उलटा रेझर ओढतो. पोटऱ्यांवर हे अनेकींना खपून जातं. मांडी आणि जांघेत खपत नाही. जांघेत दिशा बोटाबोटाच्या अंतरावर बदलते, म्हणून छोटे-छोटे फटकारे मारावे लागतात.

जांघेसाठी एक किंवा दोन ब्लेडचा रेझर पुरे. त्वचा ताणू नका, फक्त सुरकुती पडणार नाही इतकीच धरा. रेझर न दाबता फिरवा आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर पाण्यात धुवा. त्याच जागेवरून दुसऱ्यांदा फिरवायचा मोह टाळा. थोडी खुंटं राहिली तर राहू द्या. खुंट त्वचेच्या वर राहणं हाच या त्रासावरचा उपाय आहे.

रेझर बाथरूममध्ये ओलाच पडून राहिला की पात्यांमध्ये मळ साठतो आणि धार जाते. तो झटकून, सुकवून बाहेर ठेवा, आणि केस ओढल्यासारखे वाटू लागले की ब्लेड बदला. बहिणीचा, रूममेटचा किंवा नवऱ्याचा रेझर वापरू नका. त्यातून जंतूच नाही, चामखिळीचे विषाणूही येतात.

शेव्हिंगनंतर काय लावता?

लगेच खोबरेल तेल चोळणं ही आपल्याकडची हमखास सवय. घासलेल्या त्वचेवर तेलाचा थर बसला, वर घट्ट लेगिंग्ज आणि पावसाळ्याची दमट हवा, की केशमुळांची तोंडं बंद होतात. जंतुनाशकाचं द्रावण पाणी न मिसळता ओतणं, लिंबू किंवा टूथपेस्ट लावणं याने नाजूक त्वचा भाजते आणि नंतर काळे डाग राहतात. त्याऐवजी गार पाण्याची घडी काही मिनिटं ठेवा, टिपून कोरडं करा आणि बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर लावा. रात्री शेव्ह करून सैल सुती कपड्यात झोपणं सगळ्यात सोयीचं. पाळीच्या तोंडावर जांघेत शेव्ह करू नका, पॅडचं घासणं आणि ओल नेमकी तिथेच येते.

पिनने उकरणं आणि मेडिकलमधली ट्यूब

आत वळलेला केस दिसला की पिन, नखकटर किंवा प्लकर हातात घ्यायची घाई होते. खोल असलेला केस उकरून काढला तर जखम होते, जंतू आत जातात, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्याचा डाग कित्येक महिने राहतो. केस उपटला तरी नवा केस त्याच वाकड्या वाटेने येतो. वेटोळं अगदी वर दिसत असेल तरच कोमट पाण्याने शेकून, निर्जंतुक सुईच्या टोकाने ते वर उचलून मोकळं करा आणि थांबा. उपटू नका. दिसत नसेल तर हात लावू नका.

दुसरी चूक याहून मोठी आहे. मेडिकलमधून "जांघेतल्या खाजेवर" म्हणून जी ट्यूब दिली जाते, तिच्यात अनेकदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असतात. पाकिटावर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन असं नाव वाचलंत तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावू नका. दोन दिवसांत लाली आणि खाज जाते, म्हणून औषध लागू पडल्यासारखं वाटतं. पण आतला केस तिथेच असतो, जंतू आणि बुरशी वाढत राहतात, आणि ट्यूब थांबवली की सगळं दुप्पट जोराने परत येतं. जांघेची त्वचा पातळ असल्याने स्टेरॉइड तिथे जास्त शोषलं जातं. त्याने पडलेले ताणाचे पट्टे पूर्ण जात नाहीत.

एक उदाहरण, आठवड्यागणिक

अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलीची गोष्ट साधारण अशी असते. शनिवारी अलिबागला जायचं म्हणून शुक्रवारी रात्री घाईत, जुन्या पाच ब्लेडच्या रेझरने, साबणावर उलटी शेव्ह केली. वर तेल लावलं. सकाळी घट्ट जीन्स, दुपारी समुद्र, आणि संध्याकाळपर्यंत ओले कपडे. मंगळवारी दोन्ही जांघांत पंधरा-वीस पुटकुळ्या, त्यातल्या तिनांवर पू, बाकीच्यांत काळे ठिपके. ताप नाही, गाठ नाही. म्हणजे बरेचसे आत वळलेले केस आणि थोडा वरवरचा संसर्ग.

अशा वेळी पहिलं काम रेझर बंद करणं. पहिला आठवडा दिवसातून तीन-चारदा कोमट पाण्याची स्वच्छ घडी १० ते १५ मिनिटं ठेवायची. त्याने पू आपोआप निघतो आणि सूज उतरते. पुळ्यांच्या जागी एक दिवसाआड २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड पातळ लावून एक-दोन मिनिटांत धुवायचं. फक्त मांडीच्या आणि जांघेच्या बाहेरच्या त्वचेवर, योनीच्या आसपास मुळीच नाही. त्याने रंगीत टॉवेल आणि आतले कपडे पांढरे पडतात, तेव्हा जुना टॉवेल घ्यावा. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारूनच.

दुसऱ्या आठवड्यात पू आणि आग गेलेली असली की रात्री, आठवड्यातून दोन-तीनदा, सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक ॲसिडचं सौम्य लोशन चालतं. ते मेलेल्या त्वचेचा थर सैल करून केसाला वाट देतं. चुरचुरलं तर एक दिवस सोडायचा. काथ्याने किंवा खरखरीत स्क्रबने घासायचं नाही. हा केस महिन्याभरात साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत बरेच केस स्वतःच्या ताकदीने बाहेर उसळतात. डाग त्यानंतरही काही महिने फिकट होत राहतात. ते घासून जात नाहीत.

पुन्हा सुरुवात करताना जांघेसाठी ट्रिमरच बरा. एक-दोन मिलिमीटर केस राहू दिला तर त्याला परत आत शिरायला जागाच मिळत नाही. वॅक्सिंगला गेलात तर हे आपोआप टळेल असं मात्र नाही, तिथेही अर्ध्यात तुटलेला केस आत वळतो. केस काढणारी क्रीम जांघेत वापरणार असाल तर आदल्या दिवशी थोडीशी लावून पाहा. जांघेत ती सहज भाजते.

बाळंतपणाला दाखल होण्याआधी घरीच रेझर फिरवून येणाऱ्या बायका खूप आहेत. पोटामुळे दिसत नाही, कापतं, पुळ्या येतात. योनीमार्गे प्रसूतीसाठी सरसकट शेव्हिंग करू नये, असंच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. दवाखान्याला विचारल्याशिवाय ते करू नका.

डॉक्टरांकडे केव्हा

ताप आला, लाली पसरत चालली, किंवा वाटाण्याएवढी गाठ दुखू लागली, तर थांबू नका. पाण्याने भरलेले, झुबक्याने आलेले दुखरे फोड असतील तर ते शेव्हिंगचे नसून हर्पीसचे असू शकतात. जांघेत, काखेत किंवा स्तनांखाली त्याच त्याच जागी गळवं येत असतील आणि त्यांच्या खाली दोरीसारखे पट्टे लागत असतील, तर हिड्राडेनायटिस हा वेगळा आजार असतो. तो वर्षानुवर्षं केसतोड समजून अंगावर काढला जातो. केसतोड वारंवार येत असेल तर रक्तातली साखरही तपासून घ्या.

दर वेळी केस आत वळतच असतील तर केसच कमी करणं, म्हणजे लेझर, हा टिकाऊ मार्ग. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर सुरक्षित मानला जातो. साधारण सहा-आठ बैठका लागतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. पार्लरमध्ये मशीन आहे म्हणून तिथेच करून घेऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे करा, आणि कोणता लेझर वापरणार हे आधी विचारा. चुकीच्या लेझरने या त्वचेवर भाजल्याचे डाग पडतात.